यील्ड एक टक्का वाढलं, तर माझ्या रोख्याचे नेमके किती रुपये जातील?

पत्र

«निवृत्तीच्या पैशातून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर दहा लाखांचा, दहा वर्षांचा सरकारी रोखा घेतला. कूपन 7 टक्के, मिळाला बरोबर 100 ला. वर्षाचे सत्तर हजार घरखर्चाला लागतात. मग कुठंतरी वाचलं की अशा रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन 7.1 असतं. म्हणजे रिझर्व्ह बँकेनं दर एक टक्का वाढवला की माझे एकाहत्तर हजार गेले, दोन टक्के वाढवला तर एक लाख बेचाळीस हजार. तेव्हापासून झोप लागत नाही. जावई म्हणतात, विकून एफडी करा. भाचा मुंबईत दलालाच्या ऑफिसात असतो, तो म्हणतो, चाळीस वर्षांचा रोखा घ्या, त्याची कॉन्व्हेक्सिटी मोठी, दर वाढले तरी खाली गादी असते. कुणाचं ऐकू?»

— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर

नमस्कार सर,

आधी हिशोब करू, जावई आणि भाचा यांच्याकडे नंतर वळू.

तुमचा रोखा आज 7 टक्के यील्डवर 100 ला आहे; यील्ड म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेऊन मुदतपूर्तीपर्यंत ठेवला तर पडणारा वार्षिक परतावा. समजा उद्या सकाळी बाजारात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड 8 टक्के झालं. म्हणजे नवा रोखा घेणाऱ्याला दहा लाखांवर वर्षाला ऐंशी हजार मिळणार, तुम्हाला सत्तर. कूपन, म्हणजे रोख्याचं ठरलेलं व्याज, सहामाही असतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी तुम्हाला त्याच्यापेक्षा पाच हजार कमी, असे वीस हप्ते. शेवटी मुद्दल दोघांनाही दहा लाखच. तुमच्या आणि त्याच्या रोख्यात फरक एवढाच, पाच हजारांचे वीस हप्ते.

मग तुमचा रोखा विकत घेणारा काय करेल? या वीस हप्त्यांची आजची किंमत काढेल आणि तेवढे पैसे कमी देईल. सहा महिन्यांनंतरचे पाच हजार आज 8 टक्के दरानं 4,808 रुपयांचे आहेत. दहा वर्षांनंतरचे पाच हजार आज फक्त 2,282 रुपयांचे. अशा वीसही हप्त्यांची बेरीज येते 67,952 रुपये. म्हणून तुमच्या रोख्याची किंमत 9,32,048 होईल, बाजाराच्या भाषेत, म्हणजे शंभर रुपयांच्या मुद्दलामागे, 93.20.

म्हणजे तुमचे एकाहत्तर हजार जवळपास बरोबर आहेत, पण तीनेक हजारांनी जास्त. आणि दोन टक्क्यांचा तुमचा आकडा तर चांगलाच चुकलाय. यील्ड 9 टक्के झालं तर किंमत 8,69,921 होते, घसरण 1,30,079. तुम्ही धरली होती 1,42,000. हे बारा हजार कुठून वाचले, त्यालाच कॉन्व्हेक्सिटी म्हणतात.

ड्युरेशन 7.1 याचा अर्थ नीट पाहा. यील्ड 7 टक्क्यांवर असताना ते अगदी चिमूटभर हललं, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, तर तुमच्या दहा लाखांतून 711 रुपये जातात. या शंभराव्या भागाला बाजारात बेसिस पॉइंट म्हणतात, आणि डीलर मंडळी टक्केवारीपेक्षा याच भाषेत बोलतात: "आपल्या पोझिशनवर एका पॉइंटला किती?" तुमचं उत्तर आहे 711. तुम्ही या 711 ला शंभरानं गुणलं, एकाहत्तर हजार काढले. पण 711 हा भाव 7 टक्क्यांवरचा आहे. यील्ड चढत 8 ला पोचेपर्यंत एका पॉइंटला 649 रुपयेच जात असतात. घाटाच्या माथ्यावर उतार मोजायचा आणि पायथ्यापर्यंत रस्ता तेवढाच उतरता आहे असं धरायचं, तसं झालं हे. खाली जाल तसा उतार मंदावतो. म्हणून पहिल्या टक्क्याला 67,952 जातात आणि दुसऱ्याला 62,127 च.

असं का होतं? दर वाढला की लांबच्या हप्त्यांची आजची किंमत जवळच्या हप्त्यांपेक्षा जास्त झिजते. दहा वर्षांनी येणारं मुद्दल आजच्या हिशोबात हलकं होतं, आणि रोख्याचा तोल आपोआप जवळच्या हप्त्यांकडे सरकतो. तोल जवळ आला की दराचा धक्का कमी बसतो. यात कुणाची मेहेरबानी नाही, नुसता चक्रवाढ व्याजाचा गुणधर्म आहे.

आता सूत्र. ते एकच आहे आणि वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे:

```
ΔP/P ≈ −D × Δy + ½ × C × (Δy)²
```

डावीकडे किंमत किती टक्के बदलेल ते. `D` म्हणजे मॉडिफाइड ड्युरेशन, `C` म्हणजे कॉन्व्हेक्सिटी, `Δy` म्हणजे यील्डमधला बदल, दशांशात. एक टक्का म्हणजे 0.01. तुमच्या रोख्यासाठी `D` 7.106 आहे आणि `C` 64.3.

एक टक्का वाढीसाठी: पहिलं पद उणे 0.07106, म्हणजे 71,062 रुपयांची घसरण. दुसरं पद अर्धा गुणिले 64.3 गुणिले 0.0001, म्हणजे 0.003215, म्हणजे 3,215 रुपये परत. उरली 67,847 ची घसरण. खरी होती 67,952. सूत्र 105 रुपयांनी चुकलं, दहा लाखांवर.

दोन टक्क्यांसाठी पहिलं पद दुप्पट होतं, 1,42,124. दुसऱ्या पदात मात्र वर्ग आहे, म्हणून ते चौपट: 12,860. घसरण 1,29,264. खरी 1,30,079. इथे चूक आठशेच्या वर गेली, कारण सूत्रही शेवटी अंदाजच. वळण सतत एकसारखं नसतं आणि कॉन्व्हेक्सिटीसुद्धा हळूहळू कमी होत जाते. उलट यील्ड फक्त 10 पॉइंटनी हललं तर ड्युरेशननं 7,106 येतात आणि कॉन्व्हेक्सिटीचा वाटा बत्तीस रुपये. रोजच्या चढउतारासाठी कॉन्व्हेक्सिटी विसरलात तरी चालेल. ती मोठ्या धक्क्यांसाठी आहे.

दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात, त्यात मीही आले. मी पूर्वी एका सहकारी बँकेच्या ट्रेझरीत होते. पन्नास कोटींच्या, साधारण तुमच्यासारख्याच रोख्यांवर दोन टक्के वाढीचा परिणाम काढून मी संचालकांपुढे कागद ठेवला. सूत्रातला अर्धा विसरले होते. वाचणारे पैसे 64 लाखांऐवजी एक कोटी 28 लाख दाखवले, आणि घसरण तेवढी कमी दिसली. अध्यक्ष काही बोलले नाहीत, कागद फक्त माझ्याकडे परत सरकवला; त्यांनी किमतींचं कोष्टक शेजारी ठेवून ताडून पाहिलं होतं. दुसरी घसरण एककाची. काही स्क्रीनवर कॉन्व्हेक्सिटी शंभरानं भागून दाखवतात, तुमच्या रोख्याची 0.643. ती तशीच सूत्रात घातली तर 3,215 च्या जागी 32 रुपये येतात आणि वाटतं, कॉन्व्हेक्सिटी म्हणजे किरकोळ गोष्ट. दहा वर्षांच्या रोख्याला एक टक्क्यासाठी दुरुस्ती शंभर रुपयांमागे तीसेक पैसे यायला हवी. त्याहून फारच वेगळं आलं तर एकक तपासा.

पण मी तुम्हाला सूत्रापेक्षा सोपी रीत सांगते. कुणाचंही ड्युरेशन वाचायला नको आणि कॉन्व्हेक्सिटी शोधायला नको. संगणकावर एक्सेल असेल तर त्यात हे टाका:

```
=PRICE(DATE(2026,1,1),DATE(2036,1,1),7%,8%,100,2,4)
```

पहिली तारीख व्यवहाराची, दुसरी मुदतपूर्तीची, मग कूपन, मग यील्ड, मग मुद्दल 100, वर्षातून 2 हप्ते, आणि शेवटचा 4 म्हणजे महिना तीस दिवसांचा धरायचा. आपल्या सरकारी रोख्यांचं व्याज तसंच मोजतात. उत्तर 93.20 येईल. तारखा तुमच्या रोख्याच्या घाला. आता फक्त यील्ड बदलून तीन किमती काढा: 6 टक्के, 7 टक्के, 8 टक्के. मिळतील 107.44, 100 आणि 93.20.

आता वर आणि खाली बघा. यील्ड एक टक्का उतरलं तर 74,387 मिळतात, चढलं तर 67,952 जातात. दोन्हींची सरासरी 71,170; हे झालं तुमचं ड्युरेशन. दोन्हींतल्या फरकाचा अर्धा 3,217. ही झाली तुमची कॉन्व्हेक्सिटी. सूत्रातले आकडे होते 71,062 आणि 3,215. घरच्या वहीसाठी याहून जास्त काटेकोर व्हायची गरज नाही. माझ्या मते ही तीन किमतींची रीत सूत्रापेक्षा चांगली, कारण ती कुठल्याही रोख्याला चालते आणि त्यात अर्धा विसरायची सोय नाही. शिवाय मिळणं जाण्यापेक्षा थोडं जास्त आहे, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

(एक खबरदारी: ही किंमत साचलेलं व्याज सोडून आहे. विकताना खरेदीदार शेवटच्या कूपनपासूनचं व्याज वेगळं देतो. ते पाहून किंमत वाढली असं समजू नका.)

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते, कारण माझ्या मते तुमची झोप तिथंच अडकली आहे. तुम्ही लिहिलंय, "रिझर्व्ह बँकेनं दर एक टक्का वाढवला." रिझर्व्ह बँक वाढवते तो रेपो दर, बँकांना एका रात्रीसाठी वगैरे पैसे देण्याचा. तुमच्या रोख्याची किंमत ठरते दहा वर्षांच्या यील्डवर, आणि ते बाजार ठरवतो. दोन्ही एकाच घरातले असले तरी एकत्र चालतीलच असं नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4.00 वरून 6.50 वर गेला, म्हणजे अडीच टक्के. तुमच्या रीतीनं दहा वर्षांचा रोखा सतरा-अठरा टक्के पडायला हवा होता. प्रत्यक्षात दहा वर्षांचं यील्ड पहिल्या वाढीआधीच सात टक्क्यांच्या वर होतं, जून 2022 मध्ये साडेसातच्या पुढं गेलं, आणि फेब्रुवारीत पुन्हा सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान होतं. बाजारानं दरवाढ येणार हे धरूनच किंमत आधी पाडून ठेवली होती. खरा धक्का बसला तो वर्षाच्या आतल्या ट्रेझरी बिलांच्या यील्डला. पण त्यांचं ड्युरेशन एकाहून कमी, त्यामुळं किमती फारशा हलल्या नाहीत.

याचा अर्थ यील्ड कधी एक टक्का वाढणार नाही असं नाही. वाढेल. फक्त ड्युरेशनला गुणायचं ते यील्डमधल्या बदलानं, बातमीतल्या दरानं नाही.

दुसरी धारणा अशी दिसते की घसरण झाल्यावर विकून वरचा दर पकडला तर नुकसान भरून येईल. हिशोब करून बघा. यील्ड 8 झालं, तुम्ही 9,32,048 ला विकलं, आणि त्याच पैशात 100 ला मिळणारा नवा 8 टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा घेतला. वर्षाला 74,564 येतील, आताच्या सत्तर हजारांपेक्षा साडेचार हजार जास्त. पण दहा वर्षांनी परत मिळतील 9,32,048, दहा लाख नाहीत. दोन्हीची आजची किंमत पैशापर्यंत सारखी आहे, कारण घसरणीचा आकडा आपण त्याच हिशोबातून काढला. अदलाबदलीत फक्त दलाली आणि भावातला फरक जातो. आणि दहा लाखांसारख्या छोट्या लॉटला भावातला हा फरक सूत्राच्या शंभर रुपयांच्या चुकीपेक्षा खूप मोठा असतो.

मग एकाहत्तर हजारांची भीती कुणाला असावी? ज्याला मधेच विकावं लागेल त्याला. तुम्ही मुदतपूर्तीपर्यंत थांबलात तर वर्षाला सत्तर हजार आणि शेवटी दहा लाख, यात यील्ड 8 होवो वा 12, एक रुपयाचा फरक पडत नाही. सरकारी रोख्यात पैसे बुडण्याची चिंताही नाही. हुकते ती जास्त व्याजाची संधी.

इथे तुम्हाला एक गोष्ट कुणीतरी सांगेल, म्हणून आधीच सांगते. ड्युरेशनची कल्पना 1938 मध्ये फ्रेडरिक मॅकॉले या अर्थशास्त्रज्ञानं मांडली, आणि त्याच्या मूळ रीतीनं तुमच्या रोख्याचं ड्युरेशन 7.35 वर्षं येतं. हे वर्षांत असतं. सगळ्या हप्त्यांचा तोल साधणारा बिंदू. त्याला एक अधिक सहामाही यील्ड, म्हणजे 1.035 नं, भागलं की तुमचं 7.1 मिळतं. लोक म्हणतात, 7.35 वर्षं थांबलं की दर वाढीचं नुकसान भरून निघतं. खरं आहे, पण एका अटीवर. आज यील्ड 8 झालं आणि प्रत्येक कूपन त्याच 8 टक्क्यांनी पुन्हा गुंतवलं, तर 7.35 वर्षांनी एकूण सुमारे 16 लाख 59 हजार होतात. यील्ड 7 वरच राहिलं असतं तरी साधारण तेवढेच. किंमत पडल्यानं गेलेलं, कूपनांवरच्या जास्त व्याजानं परत आलं. तुम्ही मात्र कूपन किराण्यावर आणि औषधांवर खर्च करता, ते पुन्हा गुंतवत नाही. तेव्हा हे 7.35 वर्षांचं गणित तुमचं नाही. तुमच्यासाठी भरपाईची तारीख एकच, मुदतपूर्तीची.

आता जावई. एफडीत किंमत पडत नाही असं त्यांना वाटतं, कारण एफडीची किंमत कुणी रोज लिहून दाखवत नाही. पाच वर्षांची एफडी 7 टक्क्यांनी केली आणि दर 8 झाले तर तुम्ही तिथंही 7 वरच अडकलात, आणि मोडायची तर दंड कापून व्याज मिळेल. फायदा आहे, तो वेगळा: मोडताना किती जाणार हे आधी ठाऊक असतं, बाजाराच्या मर्जीवर नसतं. मात्र एका बँकेत एका ठेवीदाराची पाच लाखांपर्यंतचीच ठेव विम्यानं सुरक्षित असते, हे दहा लाख हलवताना ध्यानात असू द्या. सगळा रोखा विकून एफडी करण्याचं कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही.

भाच्याचं बोलणं ऐकायला हुशारीचं आहे आणि त्यात अर्धं सत्य आहे. चाळीस वर्षांचा, 7 टक्क्यांचा, 100 ला मिळणारा रोखा घेऊ. त्याचं मॉडिफाइड ड्युरेशन 13.37, कॉन्व्हेक्सिटी 312, तुमच्या जवळजवळ पाचपट. यील्ड 8 झालं तर ड्युरेशन म्हणतं 1,33,744 जातील. प्रत्यक्षात जातात 1,19,577. गादी चौदा हजारांची, तुमच्या रोख्याची तीन हजारांची. इथपर्यंत भाचा बरोबर. पण गादी जाड झाली अकरा हजारांनी आणि पडण्याची उंची वाढली बासष्ट हजारांनी. एकूण तुमचे 51,625 जास्त जातात. कॉन्व्हेक्सिटीची तुलना ड्युरेशन सारखं असलेल्या दोन गोष्टींत करायची असते. नुसतीच मोठी बघून रोखा घेणं म्हणजे गादी जाड आहे म्हणून चौथ्या मजल्यावरून उडी मारणं. शिवाय त्याची मुदत संपेल तेव्हा तुमचे नातू निवृत्तीचे अर्ज भरत असतील.

सारख्या ड्युरेशनची तुलना करायचीच तर अशी: 5,31,330 रुपये चाळीस वर्षांच्या रोख्यात, उरलेले 4,68,670 तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलासारख्या जागी, जिथे ड्युरेशन जवळजवळ शून्य. एकूण ड्युरेशन तुमच्याइतकंच, 7.1. यील्ड सगळीकडे एक टक्का वाढलं तर घसरण 63,535, म्हणजे तुमच्या रोख्यापेक्षा 4,417 कमी. हा कॉन्व्हेक्सिटीचा खरा फायदा. पण समजा बिलावर साडेपाच टक्केच मिळतात. मग त्या पावणेपाच लाखांवर वर्षाला सात हजार व्याज कमी. वर्षभरात यील्ड हललंच नाही, तर तुम्ही सात हजार भरून न वापरलेला विमा घेतला. लांबच्या रोख्यावर यील्ड थोडं जास्त मिळतं, त्यातून काही भरून येईल, सगळं नाही. आणि वाढ फक्त लांबच्या मुदतीत झाली, दहा वर्षं जागेवरच राहिली, तर तुमचा रोखा हलणार नाही आणि भाच्याची जोडी 63,535 नं खाली असेल. सूत्र धरून चालतं की सगळ्या मुदतींची यील्ड एकत्र, सारखी हलतात. बाजारात तसं क्वचितच होतं.

भाचा उद्या जास्त कूपनचा एखादा कंपनीचा किंवा बँकेचा रोखा सुचवेल, तर माहितीपत्रकात एक गोष्ट आधी बघा: मुदतीपूर्वी परत फेडण्याचा हक्क रोखा काढणाऱ्याकडे आहे का. असेल तर वळण उलटं होतं. दर उतरले की तो परतफेड करून मोकळा होतो, तुमची किंमत फारशी चढत नाही. दर वाढले की तुम्ही अडकून पडता. अशा रोख्याला मुदतपूर्तीची तारीख धरून वरचं सूत्र लावलं तर ते छान आकडा देईल आणि तो चुकीचा असेल.

तुमच्याबाबतीत मी एकच प्रश्न विचारीन. या दहा लाखांतले किती रुपये मुदतीआधी लागू शकतात? घराची दुरुस्ती, ऑपरेशन, काहीही. तेवढे सगळेच पैसे या रोख्यात नकोत. त्यासाठी ड्युरेशन उलटं वापरा. समजा अडीअडचणीत विकताना यील्ड एक टक्का चढलेलं असेल आणि तेव्हा तीस हजारांपर्यंतची खोट तुम्ही सोसू शकता. तीस हजारांना 0.071 नं भागा, येतात सव्वाचार लाखांच्या आसपास. मधेच विकण्याची शक्यता असलेले पैसे या रोख्यात त्याच्या आत ठेवा. बाकीचे, ज्यांना मुदतपूर्तीपर्यंत हात लावायचा नाही, त्यांना ही मर्यादा नको. तिथे किंमत रोज बघणंही नको.

आणि दर वाढतील अशी भीती जातच नसेल, तर त्यातले काही पैसे पुढेमागे रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यांत घालता येतील. त्यांचं व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्का जास्त असतं आणि दर सहा महिन्यांनी नव्यानं ठरतं, म्हणून दराच्या वाढीचा फटका तिथं जवळजवळ नाही. उलट बाजूला ते बाजारात विकता येत नाहीत, मुदत सात वर्षं, ज्येष्ठांना वयानुसार थोडी लवकर सुटका. दर उतरले तर व्याजही उतरेल, आणि तुमचा घरखर्च व्याजावर चालतो, तेव्हा सगळे तिकडे नेऊ नका. तुमच्या सत्तर हजारांचं मोल नेमकं त्यांच्या न हलण्यात आहे.

तीन वर्षांनी तीन किमतींचा हिशोब पुन्हा करा. तेव्हा तुमचा रोखा सात वर्षांचा राहिलेला असेल, आणि यील्ड तेव्हाही 7 च्या जवळ असलं तर ड्युरेशन 5.46 येईल. एका पॉइंटला 711 नाही, 546.